फोटोत बसणारा कुर्ता, अंगात न बसणारा कुर्ता

ऑनलाइन दुकानातल्या फोटोत मॉडेलने घातलेला कुर्ता तसाच ठेवायचा आणि मॉडेलच्या जागी गिऱ्हाइकाला उभे करायचे, या तंत्राला ‘पर्सन स्वॅप’ म्हणतात. प्रणाली आधी फोटोचे भाग पाडते: चेहरा, केस, हात, कापड, पार्श्वभूमी. मग गिऱ्हाइकाच्या फोटोवरून चेहरा, वर्ण आणि अंगकाठी घेते आणि मॉडेलचे दिसणारे अंग पुसून ती जागा नव्याने रंगवते. मानेवरची सावली आणि बाहीतून बाहेर येणारे मनगट हेही ती स्वतःच रचते.

खरी अडचण अंगकाठीची आहे. मॉडेलची छाती ३४ इंच आणि गिऱ्हाइकाची ४० इंच आहे असे धरू. फक्त चेहरा आणि हात बदलले, तर कुर्त्याची प्रत्येक चुणी खरी राहते, पण धड मॉडेलचेच राहते. धडही बदलले, तर कापड नव्याने रंगवावे लागते आणि मग ते दुकानातले कापड उरत नाही. एकाच फोटोतून दोन्ही गोष्टी खऱ्या मिळत नाहीत. बरीच साधने दुसरा मार्ग धरतात, कारण गिऱ्हाइकाला स्वतःला पाहायचे असते.

नव्याने रंगवलेला कुर्ता जवळजवळ नेहमीच अंगाला नीट बसतो, आणि शंका घ्यावी ती इथेच. ही प्रणाली ज्या फोटोंवर शिकते, त्यांत बहुतेक माणसांनी आपल्या मापाचेच कपडे घातलेले असतात. शिवाय कॅटलॉगच्या फोटोत सैल कपडा मागून क्लिपा लावून आवळण्याची रीत जुनीच आहे. ३८ इंच घेराचा कुर्ता ४० इंच छातीवर चढवला, तर बटणपट्टी फाकते आणि बगलेपासून आडव्या ओढी पडतात. चित्रात यातले काही दिसत नाही. साध्या फोटोत इंचाचे मापच नसते आणि कापड ताणले जाते की नाही, हेही त्यातून कळत नाही.

बारीक नक्षीचीही अशीच गत होते. अनेक प्रणाली चित्र आधी आठपट आकसून त्यावर काम करतात. १०२४ पिक्सेल रुंदीचे चित्र त्यामुळे १२८ घरांत मावते आणि पैठणीच्या काठावरची छोटी नक्षी एखाद-दुसऱ्या घरात कोंबली जाते. परत मोठे करताना प्रणाली तिथे नक्षीसारखे काहीतरी भरते. दुरून काठ भरजरी दिसतो, पण चित्र मोठे केले की शेजारशेजारचे दोन मोर एकसारखे नसतात. पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट असेल तर खिशाशी पट्टे जुळतात का, बटणे मूळ फोटोइतकीच आहेत का आणि मानेचा वर्ण हाताशी मिळतो का, हेही पाहावे.

रंगसंगती, गळ्याचा आकार आणि कुर्त्याची लांबी साधारण कुठवर येईल, एवढे या चित्रातून पारखता येते. मापासाठी मात्र अंगाला नीट बसणारा घरातला एक कुर्ता सपाट पसरावा, एका बगलेपासून दुसरीपर्यंत टेप लावावी, तो आकडा दुप्पट करावा आणि दुकानाने दिलेल्या तयार कपड्याच्या घेराशी ताडून पाहावा.