विषय आला, पातळी आली का?

आशा स्वयंसेविकांसाठी लहान मुलांच्या अतिसारावर एक प्रशिक्षण आहे असे समजा. त्याच्या 40 स्लाइड तयार आहेत आणि दुसऱ्याच स्लाइडवर चार उद्दिष्टे लिहिली आहेत. प्रशिक्षणानंतर सेविका जलसंजीवनी कशी बनवायची ते सांगेल, जुलाबात खाणे का थांबवू नये आणि झिंक का द्यावे ते समजावेल, मुलाला पाहून जलशुष्कता कितपत आहे ते ओळखेल, आणि घरी उपचार करायचा की तातडीने दवाखान्यात न्यायचे हे ठरवेल. हे वचन 40 स्लाइड खरोखर पाळतात का, हे प्रशिक्षण सुरू होण्याआधीच तपासता येते.

त्यासाठी शिक्षणक्षेत्रात एक जुनी शिडी वापरतात. बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती 1956 मध्ये मांडली, 2001 मध्ये ती सुधारली गेली. स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन आणि निर्मिती या तिच्या सहा पायऱ्या. प्रश्नपत्रिकेचा संविधान तक्ता ज्यांनी भरला आहे त्या शिक्षकांना यातले बरेच ओळखीचे वाटेल. इथे फक्त प्रश्नांच्या जागी स्लाइड घ्यायच्या.

आधी प्रत्येक उद्दिष्टातले क्रियापद पाहायचे. ‘सांगेल’ म्हणजे स्मरण, ‘समजावेल’ म्हणजे आकलन. ‘ओळखेल’ हे क्रियापद फसवे आहे. समोर नवे मूल असेल आणि सेविकेला स्वतः लक्षणे तपासून निर्णयाप्रत यायचे असेल, तर ते उपयोजन ठरते. ‘ठरवेल’ मध्ये परिस्थिती तोलायची असते, म्हणून ते मूल्यमापन. मग एक तक्ता आखायचा: आडव्या ओळीत स्लाइड, उभ्या रकान्यात उद्दिष्टे.

पहिल्या फेरीत फक्त विषय जुळवला, तर चित्र समाधानकारक दिसते. जलसंजीवनीवर पाच स्लाइड, खाणे आणि झिंकवर आठ, लक्षणांवर सात, दोन स्लाइडवर दोन मुलांच्या गोष्टी, उपचारांवर पाच. एकही रकाना रिकामा नाही. बहुतेक तपासण्या इथेच थांबतात, आणि माझ्या मते खरा घोटाळा इथेच होतो.

दुसऱ्या फेरीत प्रत्येक स्लाइडला एकच प्रश्न विचारायचा: ही स्लाइड समोर असताना शिकणारी व्यक्ती डोक्याने नेमके काय करते? लक्षणांच्या सात स्लाइडवर डोळे खोल गेले आहेत का, मूल चिडचिडे आहे का, घटाघटा पाणी पिते का, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळू मागे जाते का, अशी यादी आहे. सेविका ती वाचते आणि लक्षात ठेवते. हे स्मरण झाले. मुलांच्या दोन्ही गोष्टींत उत्तर त्याच स्लाइडवर छापले आहे, म्हणजे फार तर आकलन. तिसऱ्या उद्दिष्टाच्या रकान्यात नऊ खुणा आहेत, पण उपयोजनाची एकही नाही. उपचारांच्या पाच स्लाइडही तक्ता वाचायलाच लावतात; चौथ्या उद्दिष्टाला त्या पोचत नाहीत.

राहिलेल्या 13 स्लाइडपैकी चार शीर्षक, अनुक्रमणिका, आभार वगैरे आहेत आणि नऊ अतिसाराच्या आकडेवारीच्या. या नऊ कोणत्याच उद्दिष्टाच्या नाहीत. काढून टाकल्या तर कोणते वचन मोडेल, असे विचारले की उत्तर येत नाही. एक ठेवून आठ मोकळ्या करता येतात.

त्या आठांत चार मुले बसतात: एका स्लाइडवर फक्त वर्णन, पुढच्या स्लाइडवर उत्तर. पहिल्या मुलाचे डोळे खोल गेलेत, बाकी सारे ठीक. इथे बऱ्याच जणी घाईने ‘जलशुष्कता’ म्हणतील, पण नियमानुसार ठरलेल्या लक्षणांपैकी किमान दोन हवीत. दुसरे मूल चिडचिडे आहे आणि घटाघटा पाणी पिते. इथे काही प्रमाणात जलशुष्कता आहे. तिसऱ्याचे डोळे खोल गेलेत आणि कातडी हळू मागे जाते, पण ते शांतपणे पाणी पिते आहे. दोन लक्षणे इथेही भरली. चौथे मूल सुस्त पडले आहे, जेमतेम घोट घेते आणि दवाखाना लांब आहे. इथे नुसते ओळखून भागत नाही. लगेच निघायचे आणि वाटेत घोट घोट जलसंजीवनी पाजत राहायची, हे सेविकेने ठरवायचे आणि का तेही सांगायचे. चौथ्या उद्दिष्टाला पहिली खरी खूण इथे मिळते, आणि एकच खूण पुरेशी नाही हेही तक्त्यावरून दिसते.

पातळी स्लाइडच्या मजकुरात कायमची कोरलेली नसते. वर्गात आधी सोडवलेलेच मूल परीक्षेत दिले, तर ते उपयोजन न राहता पुन्हा स्मरण होते. शिवाय प्रत्येक स्लाइड वरच्या पायरीवर नेण्याचाही हट्ट नको. एक पाकीट एक लिटर पाण्यात, हे पाठच असायला हवे.

तक्त्याची मोठी मर्यादा अशी, की शिकवणे फक्त स्लाइडवर घडत नाही. प्रशिक्षक प्रत्यक्ष चिमटा घेऊन दाखवत असतील आणि प्रत्येकीकडून करून घेत असतील, तर ती कृती तक्त्यात स्वतंत्र ओळ म्हणून लिहावी, तिला लागणाऱ्या मिनिटांसह. दोघांनी एकमेकांचे न पाहता तक्ता भरावा. ज्या स्लाइडवर त्यांच्या खुणा वेगळ्या पडतात, तिथे बहुधा उद्दिष्टाचे क्रियापदच धूसर असते. मग स्लाइड बदलण्याआधी उद्दिष्ट पुन्हा लिहावे.