टेरिकॉटचा गणवेश गिरणी का घेत नाही?

मी पेडगावहून बोलतेय.

आमच्या गटानं जुन्या कपड्यांचं एक गाठोडं विकायला काढलं. त्यात सुती लुगडी होती आणि पोरांचे गणवेशही होते. व्यापाऱ्यानं लुगडी वेगळी काढली, गणवेश परत दिले. म्हणाला, "हे मिक्स आहे." दोन्ही कापडंच, मग फरक कसला?

जुन्या कापडाचा पुन्हा धागा करायच्या दोन रीती आहेत. पहिली यंत्राची. हरियाणातल्या पानिपतला हे काम मोठं चालतं. तिथं चिंध्या रंगानुसार निवडतात, बटणं-चेन काढतात आणि दातेरी यंत्रात पिंजतात. पण पिंजताना तंतू तुटतो. आपल्या कापसाचा तंतू इंचभर किंवा थोडा जास्त लांब असतो. तो आखूड झाला की सूत कच्चं निघतं. म्हणून त्यात नवा तंतू मिसळतात, नाहीतर जाड घोंगडी, सतरंजी असा माल करतात.

दुसरी रीत रसायनाची. तिथं कापड पिंजत नाहीत, त्यातला पदार्थच विरघळवतात किंवा मोडतात. पॉलिस्टर मोडून त्याचा मूळ कच्चा माल मिळतो, त्यापासून नव्यासारखा धागा होतो.

आता गणवेशाचं बघा. टेरिकॉटमध्ये बहुधा दोन भाग पॉलिस्टर आणि एक भाग कापूस असतो. हे दोन्ही तंतू सूत काततानाच एकत्र केलेले असतात. ज्वारी आणि गहू एकत्र दळल्यावर पिठातून गहू वेगळा काढता येईल का? तसंच हे. यंत्रानं पिंजलं तरी मिश्रण मिश्रणच राहतं. वितळवावं, तर पॉलिस्टर वितळतं, पण कापूस वितळत नाही, जळतो.

रसायनानं मात्र वेगळं करता येतं. गरम कॉस्टिक सोड्यात पॉलिस्टर मोडतं आणि कापूस मागं राहतो. पण त्याला कारखाना, उष्णता आणि सांडपाण्याची सोय लागते. रंग आणि लेगिंग्जमधला ताणाचा धागा आणखी अडचण करतात. म्हणून हे महाग पडतं. घरी कुणी करून बघू नका.

ओळखायचं कसं? पदर खोचून अंगणात बसा. कापडाचे चार धागे चिमट्यात धरून पाण्याच्या ताटलीवर पेटवा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो, राख बोटानं चुरते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. मिश्र धागा सुतासारखा जळतो, पण राखेत टणक कण लागतात. सुती ब्लाउजची शिवणही तपासा, ती बऱ्याचदा पॉलिस्टरच्या दोऱ्याची असते.

आता आम्ही दोन गाठोडी करतो. सुती गाठोडं विक्रीला जातं. मिश्र कापडाच्या वाकळा आणि पायपुसणी शिवतो, कारण टेरिकॉट लवकर विरत नाही. गिरणीला जी अडचण, तीच वाकळेला टिकाऊपणा देते.