थाळी उजेडासमोर धरा

घशाचा स्वॅब मेंढीचे ५ टक्के रक्त मिसळलेल्या अगारवर रेघा ओढून लावतात आणि थाळी रात्रभर ३५ ते ३७ अंश सेल्सिअसला ठेवतात. सकाळी वसाहतीभोवती स्वच्छ, पारदर्शक कडे दिसले तर ते बीटा: तिथल्या तांबड्या पेशी पूर्ण फुटल्या. घसा सुजवणारा स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस असाच दिसतो. पण ‘ब’ गटाचाही, म्हणून गटतपासणी लागतेच. पायोजेनिसचे स्ट्रेप्टोलायसिन-ओ प्राणवायूत निकामी होते, म्हणून अगारमध्ये टोचेही मारतात. कडे खोलवर जास्त ठळक उमटते.

हिरवट छटा म्हणजे अल्फा. जंतूच्या हायड्रोजन पेरॉक्साइडने हिमोग्लोबिनचा रंग बदललेला असतो. घशातले निरुपद्रवी रहिवासी बहुधा असेच. न्यूमोकॉकसही त्यांच्यात लपतो, ऑप्टोचिनची चकती त्याला वेगळा काढते.

गॅमा हे नाव मात्र फसवे: तिथे रक्त जसेच्या तसे.