ग्राम-श्मिट: गणित एकच, उत्तरे दोन

परस्परांशी वाटेल तो कोन करणाऱ्या सदिशांपासून एकमेकांशी काटकोन करणारे, प्रत्येकी एक लांबीचे सदिश तयार करण्याच्या क्रियेला लांबिकीकरण म्हणतात. यासाठीची सर्वात परिचित रीत योर्गेन ग्राम (१८८३) आणि एरहार्ड श्मिट (१९०७) या गणितज्ञांच्या नावाने ओळखली जाते. पहिल्या सदिशाला त्याच्या लांबीने भागायचे. दुसऱ्या सदिशाचा पहिल्याच्या दिशेतला भाग, म्हणजे प्रक्षेप, मोजून वजा करायचा. जे उरते ते पहिल्याला लंब असते. त्यालाही एक लांबीचे करून घ्यायचे. तिसऱ्यातून याच रीतीने तयार झालेल्या दोन्ही दिशांचे प्रक्षेप काढून टाकायचे, आणि असेच पुढे जायचे.

तिसऱ्या सदिशापाशी दोन वाटा फुटतात. अभिजात पद्धतीत दोन्ही प्रक्षेप मूळ तिसऱ्या सदिशावरूनच मोजतात आणि मग वजा करतात. सुधारित पद्धतीत पहिला प्रक्षेप आधी वजा करतात आणि दुसरा उरलेल्या सदिशावरून मोजतात. कागदावर दोन्हींचे उत्तर एकच येते, कारण वजा केलेला भाग दुसऱ्या दिशेला लंब असल्याने त्या मोजणीत त्याचा वाटा शून्य असतो. आकडेमोडही जवळपास सारखीच लागते. मात्र ही समानता काटकोन अगदी अचूक असेल तरच टिकते.

संगणकात तो तसा नसतो. नेहमीच्या फ्लोटिंग पॉइंट संख्येत साधारण १६ सार्थ अंक मावतात, पुढचे गळतात. ε = १०⁻⁸ घेतल्यास ε² म्हणजे १०⁻¹⁶; ही संख्या १ मध्ये मिळवली तर उत्तर पुन्हा १ च येते. आता पुढील तीन सदिश घ्यावेत:

a₁ = (१, ε, ०, ०)
a₂ = (१, ०, ε, ०)
a₃ = (१, ०, ०, ε)

तिन्ही जवळजवळ एकाच दिशेला आहेत. a₁ च्या लांबीचा वर्ग १ + ε² आहे, पण संगणक तो १ धरतो, म्हणून q₁ = a₁. दुसऱ्यातून q₁ वजा केल्यावर (०, −ε, ε, ०) उरते आणि q₂ = (०, −१, १, ०)/√२ मिळतो. इथपर्यंत दोन्ही पद्धती सारख्याच चालतात.

अभिजात पद्धत q₂ च्या दिशेतला भाग मूळ a₃ वरून मोजते आणि तो शून्य येतो. त्यामुळे a₃ मधून फक्त q₁ वजा होतो आणि q₃ = (०, −१, ०, १)/√२ ठरतो. q₂ आणि q₃ यांचा अदिश गुणाकार शून्य यायला हवा होता, पण तो १/२ येतो. काटकोनाच्या जागी ६० अंशांचा कोन तयार होतो.

सुधारित पद्धत तोच भाग q₁ वजा केल्यानंतरच्या (०, −ε, ०, ε) वरून मोजते. तो ε/√२ येतो. तो वजा केल्यावर q₃ = (०, −१, −१, २)/√६ मिळतो आणि q₂ शी त्याचा गुणाकार शून्य होतो.

या फरकाचे मूळ q₂ च्या पहिल्या घटकात आहे. अचूक गणितात तो शून्य नसून सुमारे ε/√२ आहे. A₂ मधून q₁ वजा करताना १ मधून १ गेला आणि तो हरवला. अभिजात पद्धतीत या हरवलेल्या घटकाला a₃ मधल्या १ ने गुणायचे असते, म्हणून मोजणी ε/√२ ने चुकते. चूक अतिसूक्ष्म असली तरी वजाबाकीनंतर उरणारा सदिशच ε√२ लांबीचा आहे. चूक त्याच्या निम्मी भरते. सुधारित पद्धतीत तो १ मोजणीआधीच निघून गेलेला असतो, त्यामुळे चुकीला मोठे होण्यासाठी काही उरत नाही.

तरीही सुधारित पद्धत निर्दोष नाही. वरच्या उदाहरणात q₁ आणि q₂ यांचा गुणाकार शून्याऐवजी सुमारे −०.७ × १०⁻⁸ आहे. स्वीडिश गणितज्ञ ओके ब्यर्क यांनी १९६७ मध्ये दाखवले, की या पद्धतीत लंबता बिघडण्याचे प्रमाण सदिशांच्या संवेदनशीलता-अंकाच्या पटीत वाढते. सदिश जितके एकमेकांकडे झुकलेले, तितका हा अंक मोठा. अभिजात पद्धतीत मात्र हा बिघाड त्या अंकाच्या वर्गाच्या पटीत वाढू शकतो.

बिघाड ओळखताना एक फसगत होते. आलेल्या q सदिशांना मोजलेल्या प्रक्षेपांनी गुणून मूळ सदिश पुन्हा जुळवले, तर अभिजात पद्धतीतही ते उत्तम जुळतात. त्यामुळे तपासणी q सदिशांच्या आपसांतील गुणाकारांचीच करावी लागते: QᵀQ − I मधली प्रत्येक संख्या १०⁻¹⁶ च्या आसपास आहे का, ते पाहायचे.

अभिजात पद्धत तरीही वापरात आहे, कारण तिच्यातले सगळे प्रक्षेप एकदम मोजता येतात आणि अनेक प्रोसेसरांवर काम वाटता येते. अशा वेळी तीच क्रिया मिळालेल्या सदिशावर दुसऱ्यांदा करतात. सदिश संगणकाच्या अचूकतेच्या मानाने अगदीच परावलंबी नसतील, तर या दुसऱ्या फेरीने काटकोन पूर्ण अचूकतेने परत मिळतात. किंमत म्हणून आकडेमोड दुप्पट होते.