शक्यता बाणात नसते, चकतीत असते

नाणं दहा वेळा उडवलं तर छापा किती वेळा पडेल, असं पाचवीच्या वर्गात विचारलं की बहुतेक मुलं न अडखळता ‘पाच’ म्हणतात. मग प्रत्येकाला खरंच नाणं उडवायला लावावं. बरोबर पाच छापे साधारण चारातल्या एकालाच मिळतात. बाकीच्यांना चार, सहा, तीन, सात असं काहीही पडतं. लगेच दोन आवाज उठतात. एक म्हणतो, ‘माझं नाणं खराब आहे.’ दुसरा म्हणतो, ‘मग आधी काही सांगताच येत नाही.’ ‘नक्की’, ‘बहुतेक’, ‘अशक्य’ हे शब्द नीट शिकवण्याची जागा या दोन आवाजांच्या मधली आहे.

अमेरिकेतल्या गणित-शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने २००० साली शालेय गणिताचा जो आराखडा मांडला, त्यात तिसरी ते पाचवीच्या मुलांनी घटनांचं वर्णन ‘नक्की’, ‘सारखीच शक्यता’, ‘अशक्य’ अशा शब्दांत करावं, असं म्हटलं होतं. आपल्या राज्य मंडळाच्या गणितात ‘संभाव्यता’ हा धडा थेट दहावीत येतो. पण हे शब्द मुलं त्याच्या कितीतरी आधीपासून वापरत असतात, आणि तेही सैलपणे. ‘मी नक्की येतो’ म्हणणारा मित्र येत नाही, आणि ‘अशक्य’ वाटलेला सामना आपला संघ जिंकतो. वर्गात मात्र या दोन शब्दांना कडक अर्थ द्यावा लागतो. नक्की म्हणजे दुसरं काही होऊच शकत नाही, आणि अशक्य म्हणजे ते कधीच होणार नाही. उरलेलं सगळं या दोन टोकांच्या मध्ये.

म्हणून आधी भिंतीवर एक दोरी बांधावी. एका टोकाला ‘अशक्य’, दुसऱ्या टोकाला ‘नक्की’, मधोमध ‘सारखी शक्यता’, आणि त्याच्या दोन बाजूंना ‘शक्यता कमी’ व ‘शक्यता जास्त’. ‘उद्या पाऊस पडेल’ यासारख्या वाक्यांवर वाद खूप होतो, पण निवाडा होत नाही, कारण त्या शक्यतेमागचं सगळं आपल्याला दिसत नाही. स्पिनरचा फायदा हाच आहे, की त्यात सगळं डोळ्यांसमोर असतं.

स्पिनर घरीही करता येतो. पुठ्ठ्याची गोल चकती कापायची, तिच्या मध्यावर पेन्सिलीचं टोक उभं धरायचं, त्या टोकाभोवती कागदाला लावायची पिन अडकवायची आणि टिचकी मारायची. पिन फिरून थांबते तो रंग आपला. चकतीला तीनदा दुमडून आठ सारखे भाग पाडावेत. समजा, पाच लाल, दोन निळे, एक पिवळा. आता मुलांनी चिठ्ठ्या दोरीवर लावायच्या. लाल ‘शक्यता जास्त’कडे, निळा आणि पिवळा ‘शक्यता कमी’कडे, त्यातही पिवळा अशक्याच्या अधिक जवळ. हिरवा अशक्य. आणि ‘लाल, निळा किंवा पिवळा’ ही चिठ्ठी नक्की.

चिठ्ठ्या लावून झाल्यावरच पिन फिरवायची, हा क्रम महत्त्वाचा आहे. सहा गट करून प्रत्येकाने आठ वेळा फिरवली, तर पिवळा एकदाही न येण्याची शक्यता प्रत्येक गटात साधारण तीनात एक असते. म्हणजे दोनेक गटांच्या कागदावर पिवळ्यापुढे शून्य असणं अगदी स्वाभाविक. या गटातली मुलं पिवळ्याची चिठ्ठी उचलून ‘अशक्य’वर नेऊ लागतात. इथे शिक्षकाने उत्तर सांगून टाकू नये. पिवळ्या भागावर लाल कागद चिकटवलेली दुसरी चकती त्यांच्यापुढे ठेवावी आणि विचारावं, ‘या दोन चकत्यांत काही फरक आहे का?’ पहिल्या चकतीवर पिवळा आला नाही, दुसऱ्या चकतीवर तो येऊच शकत नाही. अशक्य हा शब्द दुसरीसाठी आहे. हे शब्द कागदावर नोंदलेल्या निकालाबद्दल बोलत नाहीत, चकतीच्या रचनेबद्दल बोलतात. मग सगळ्या गटांच्या नोंदी फळ्यावर एकत्र कराव्यात. अठ्ठेचाळीस फेऱ्यांमध्ये पिवळा बहुतेक वेळा सहाच्या आसपास दिसतो.

दुसरी चूक मोजण्याची असते. अर्धी लाल, पाव निळी आणि पाव पिवळी अशी चकती दाखवली, की काही मुलं म्हणतात, ‘रंग तीन, म्हणून तिन्हींची शक्यता सारखी.’ त्यांनी नावं मोजली, जागा मोजली नाही. लाल अर्ध्यावर एक रेघ मारून त्याचे दोन पाव करा. रंग तेवढेच राहतात, पण लालचे दोन आणि बाकीच्यांचा एकेक भाग आता डोळ्यांना दिसतो. हीच चूक दोन नाण्यांत पुन्हा भेटते. दोन्ही छापे, दोन्ही काटे, एक-एक: तीन प्रकार, म्हणून तिन्ही सारखे? एक रुपयाचं आणि एक पाच रुपयांचं नाणं घेतलं, की कळतं. रुपया छापा व पाच काटा हा एक प्रकार, आणि रुपया काटा व पाच छापा हा दुसरा. एकूण प्रकार चार, त्यातले दोन ‘एक-एक’चे. फ्रेंच गणिती दालाँबेर यांनीही १७५४ साली विश्वकोशातल्या लेखात दोन वेळच्या नाणेफेकीबद्दल असेच तीन प्रकार सारखे मानले होते. पाचवीतलं मूल इथे अडखळलं तर ते मुळीच बुद्दू नाही.

कधी चूक मुलाची नसून साधनाची असते. बाक कललेला असेल, पेन्सिल मध्यावर नसेल किंवा टिचकी हलकी असेल, तर पिन एकाच बाजूला जाऊन थांबते. ओळखायचं कसं? चकती अर्धी फिरवून ठेवावी आणि पुन्हा खेळावं. पिन आता दुसऱ्याच रंगावर, पण खिडकीच्याच बाजूला थांबू लागली, तर दोष बाकाचा. पिन रेघेवर थांबली तर काय करायचं, तेही आधीच ठरवावं. ती फेरी सोडून पुन्हा फिरवायची. निकाल पाहून नियम केला, तर आवडत्या रंगाला झुकतं माप मिळतं.

नाण्यात आणखी एक फसगत आहे. लागोपाठ चार छापे पडले की ‘आता काटा येणारच’ असं मुलांना वाटतं. पण नाण्याला मागचं काही आठवत नाही, पाचव्या वेळीही शक्यता सारखीच. मग छापा-काटा बरोबरीत येतात कसे? दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध असलेले गणिती जॉन केरिक यांनी नाणं दहा हजार वेळा उडवलं. छापे आले ५,०६७. बरोबर अर्ध्यापेक्षा ६७ जास्त, पण दहा हजारांच्या मानाने हा फरक किरकोळ. जास्तीचे छापे कोणी फेडत नाही, एकूण आकडा वाढतो तसं त्यांचं वजन कमी होतं.

शेवटी काम उलटं द्यावं: ‘लाल येण्याची शक्यता जास्त, पण नक्की नाही, निळ्याची कमी आणि हिरवा अशक्य अशी चकती तयार करा.’ कोणी आठात पाच भाग लाल करतं, कोणी सात. दोघंही बरोबर. मग सात भागवालं मूल हटकून म्हणतं, ‘माझ्या लालची शक्यता तर याच्यापेक्षाही जास्त आहे!’ ‘शक्यता जास्त’ या शब्दांत हा फरक मावत नाही. अपूर्णांक मुलं शिकलेलीच असतात. पाच अष्टमांश आणि सात अष्टमांश कशासाठी लिहायचे, हे आता त्यांनाच हवं असतं.