खर्जाचा स्वर कुठे हरवतो?

कॉमन-एमिटर अॅम्प्लिफायरमधून तबल्यातल्या बायाँचा घुमारा पातळ येतो, तेव्हा बहुतेकांचा संशय इनपुटच्या कपलिंग कपॅसिटरवर जातो. माझा आधी एमिटरच्या बायपासवर जातो.

कारण सूत्रात आहे: f = 1/(2πRC). इथला R म्हणजे त्या कपॅसिटरला दोन्ही बाजूंनी मिळून ‘दिसणारा’ रोध. समजा दोन्ही कपॅसिटर 10 मायक्रोफॅरडचे आहेत. कपलिंगला ट्रान्झिस्टरच्या इनपुटचा सुमारे 2000 ओहम दिसतो, म्हणून त्याची सीमा 8 हर्ट्झ येते. बायपासला मात्र एमिटरचा आतला इवलासा रोध दिसतो. कलेक्टर करंट 1 मिलीअँपिअर आणि सिग्नलच्या उगमाचा रोध कमी असेल, तर तो जेमतेम 25 ओहम. तिथली सीमा थेट 640 हर्ट्झ! दोन सीमांत इतकं अंतर असलं की वरचीच अॅम्प्लिफायरची सीमा ठरते. तो एकच कपॅसिटर 100 मायक्रोफॅरडचा केला, की ती 64 वर उतरते.

दोषी ओळखता येतो. सिग्नल जनरेटरची वारंवारता उतरवत न्या. आउटपुट मधल्या पातळीच्या 0.7 पटीवर आलं की सीमा आली. त्याखाली गेन घसरून एका पायरीवर थबकला, तर दोष बायपासचा, कारण एमिटर रेझिस्टरमुळे थोडा गेन उरतोच. कपलिंगमुळे मात्र तो घसरतच राहतो.