रात्रपाळीचे तास एक्सेलमध्ये

रखवालदार रात्री 10 वाजता कामावर येतो आणि सकाळी साडेसहाला घरी जातो. B2 मध्ये 22:00 आणि C2 मध्ये 6:30 लिहून वजाबाकी केली, की उत्तराच्या जागी ##### दिसते. एक्सेल वेळ दिवसाच्या अपूर्णांकात मोजते, म्हणून इथे उत्तर उणे येते. त्यावर हे सूत्र लिहा:

```
=MOD(C2-B2,1)
```

उणे उत्तरात एक दिवस मिळवला जातो आणि 8:30 तास निघतात. सहा रात्रींची बेरीज मात्र 51:00 ऐवजी 3:00 दिसते, कारण पुरे झालेले दोन दिवस लपतात. बेरीज चुकलेली नसते. Format Cells मधल्या Custom मध्ये [h]:mm लिहिले की 51:00 दिसते. पगार काढताना मात्र ही बेरीज आधी 24 ने गुणा, मगच ताशी दराने. नाहीतर कष्टाचा चोविसावा हिस्साच हाती पडेल.